उतरत्या गाडीचा चढता पारा

घाटात दोन गाड्या समोरासमोर अडकल्या की पहिला प्रश्न कोणता पडायला हवा? चढतंय कोण आणि उतरतंय कोण? आपल्याकडे पडतो तो वेगळाच. गाडी कोणाची मोठी?

मोठीच्या खालोखाल मान महागडीचा. महागडीच्या खालोखाल, काचेवर पक्षाचा, पदाचा किंवा पाहुण्याच्या खात्याचा स्टिकर मिरवणारीचा. चढ आणि उतार या यादीत कुठेच येत नाहीत.

नियम मात्र तेवढ्याच दोन शब्दांवर उभा आहे.

डोंगरातल्या किंवा तीव्र चढाच्या रस्त्यावर दोन वाहनं धोका न पत्करता एकमेकांशेजारून जाऊ शकत नसतील, तर उतरणाऱ्यानं कडेला थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. 1989 च्या रस्ते नियमांत हेच होतं. 2017 मध्ये वाहन चालवण्याचे नवे विनियम आले, त्यातही हेच राहिलं. सरकारं बदलली, नियमावली बदलली, चढ-उताराचा न्याय बदलला नाही. बदलला असता तर निदान बातमी होऊन लोकांना कळला तरी असता.

तसा तो सगळ्यांना कळतो. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत हा प्रश्न असतो आणि उत्तरापुढे बरोबर खूण करूनच मंडळी बाहेर येतात. परवाना मिळाला की उत्तर पाकिटात जातं आणि हात हॉर्नवर.

मोडला तर दंड आहे का? आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर वाहन चालवण्याचे विनियम मोडल्याबद्दल 500 ते 1000 रुपये. आता आठवून बघा, ‘चढणाऱ्याला वाट दिली नाही’ म्हणून पावती फाडलेला एक तरी माणूस तुमच्या ओळखीत आहे?

माझ्याही नाही.

मग हा नियम आहे तरी कशाला? इथे पारावरचे तज्ज्ञ सरसावतात. त्यांचं म्हणणं असं : ‘उतरणाऱ्याला थांबणं अवघड, गाडी ओढली जाते. चढणारा तर आधीच हळू असतो. मग त्यानंच नको का थांबायला?’ ऐकायला चोख. तज्ज्ञांचं बरंचसं असंच असतं.

थांबणं दोघांनाही जमतं हो. अवघड असतं ते पुन्हा निघणं.

उतारावरची गाडी थांबली तर तिला पुढे काय करायचं असतं? ब्रेकवरचा पाय सैल करायचा. बाकीचं काम पृथ्वी करते, तेही फुकट. चढावर थांबलेल्या गाडीला मात्र सगळं वजन शून्यापासून उचलायचं असतं. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच अर्धा सोडा, गाडी थरथरली की हँडब्रेक सोडा. जरा चुकलं तर इंजिन बंद पडतं, आणखी चुकलं तर गाडी मागे जाते. आणि मागे चिकटून उभा असतो तो गृहस्थ, ज्याला दोन गाड्यांमधलं अंतर म्हणजे वाया गेलेली जागा वाटते.

हे झालं रिकाम्या मोटारीचं. उसाचा, सिमेंटचा, लाद्यांचा ट्रक असेल तर? भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की क्लच जळल्याचा वास पहिल्या वळणापर्यंत येतो. पावसात शेवाळलेल्या डांबरावर मागची चाकं जागच्या जागी फिरतात. क्लीनर खाली उडी मारून चाकामागे दगड लावतो. गाडी सुटते, दगड तिथेच राहतो.

तो दगड मग रात्री दुचाकीवाल्याला भेटतो.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं. कोणाला तरी मागे जावंच लागणार असेल, तर कोणी जावं? उतरणारा मागे गेला तर तो चढ चढत मागे जातो. पाय उचलला की गाडीचा वेग आपोआप मरतो, चुकलं तरी ती जागीच थांबू पाहते. चढणारा मागे गेला तर तो उतारावर उलटा घरंगळतो. वेग वाढत जातो आणि स्टिअरिंग भलतीकडे फिरलं तर सावरायला जागा नसते.

एकाची चूक गाडीला थांबवते, दुसऱ्याची चूक दरी दाखवते. नियम कोणाच्या बाजूनं लिहायचा?

तिसरं कारण कोणत्याच फलकावर लिहिलेलं नसतं, पण घाटात रोज येणाऱ्या प्रत्येक एसटी चालकाला ठाऊक असतं. वरच्याला दिसतं. घाटाचा रस्ता डोंगराच्या अंगावर घड्या घालत उतरतो. वरच्या टप्प्यावरून खालचे एक-दोन टप्पे पुष्कळदा उघडे दिसतात, त्यावरची लाल बस दिसते, तिच्यामागची रांगही दिसते. चढणाऱ्यापुढे असतो डोंगर आणि पुढचं वळण. वरून काय येतंय हे त्याला बहुधा ते आल्यावरच कळतं.

ज्याला आधी दिसतं त्यानं आधी ठरवायचं. यात कायद्याचा संबंध नंतर येतो, डोळ्यांचा आधी.

आता प्रत्यक्षच जाऊ. भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट घ्या. पावसाळ्यातला रविवार. (पावसाळ्यात हा घाट कधी जड वाहनांना, कधी सगळ्यांनाच बंद असतो. चालू आहे का हे आधी विचारावं, एवढीही सवड पुष्कळांना नसते.) नीरा देवघरचं पाणी मागे पडलं, वाघजाईपाशी भजी झाली, फोटो झाले. गाडी माझेरीच्या दिशेनं उतरायला लागली. खालून महाडची एसटी चढतेय.

आधी मापं बघू. बसची रुंदी कायद्यानं जास्तीत जास्त 2.6 मीटर. तुमची मोटार, ती जर हल्लीची ‘एसयूव्ही’ असेल तर, साधारण 1.8 मीटर. बेरीज 4.4. आपल्याकडचा एकपदरी रस्ता 3.75 मीटरचा धरतात. त्यात या दोघी मावत नाहीत. वजाबाकी येणाऱ्या कोणालाही हे कळावं.

दीडपदरी म्हणतात तो रस्ता 5.5 मीटरचा. तिथे 1.1 मीटर उरतो. त्यातून दोघांचे आरसे वजा करा, डोंगराकडचं गटार सोडा, दरीकडची पावसानं खाल्लेली साइडपट्टी सोडा. उरतं काय? वीत-दीड वीत आणि दोघांचा स्वभाव.

त्यातला स्वभावच आधी आडवा येतो.

बस दुसऱ्या गिअरवर एकसुरात चढत असते. चालकानं वळणाआधीच हॉर्न दिलेला असतो. तुम्ही तो ऐकलेला नसतो, कारण काचा वर, एसी चालू आणि गाण्याचा आवाज पूर्ण. वळण संपतं आणि समोर लाल भिंत उभी. तुम्ही ब्रेक मारता. बसही थांबते. मागे तुमचेच मित्र दुसऱ्या गाडीतून वीतभर अंतरावर. बसमागे दोन टेम्पो आणि एक दुधाची गाडी.

आता पुढची पाच मिनिटं कशी जातात ते सगळ्यांना पाठ आहे. आधी दिवे मारायचे. मग हॉर्न. मग दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून ‘आता काय?’ असा अभिनय. एसटीचा चालक इंजिन बंद करून शांत बसतो. त्याला डेपोत उत्तर द्यायचंय, तुम्हाला हॉटेलात चेक-इन करायचंय.

शेवटी वाहक उतरतो. ‘साहेब, जरा मागे घ्या. मागे रुंद जागा आहे.’

साहेब म्हणतात, ‘तुम्हीच घ्या की मागे! आम्ही एवढ्या लांबून आलोय.’

लांबून आलेल्याला वाट द्यावी असा विनियम 1989 मध्ये नव्हता, 2017 मध्येही नाही. पण साहेबांच्या मनात तो केव्हाच संमत झालेला असतो.

हेच दुसऱ्या प्रकारे घडलं असतं तर? वरच्या टप्प्यावरून खालची बस दिसली. उतरणाऱ्यानं हिशेब केला : ती दोन वळणांत इथे येणार. पुढे वळणाआधी डोंगराच्या बाजूला रस्ता फुगलेला आहे. तो तिथे डावीकडे सरकून, चाकं सरळ ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून थांबला. मागच्याला डावा इंडिकेटर दिसला. बस आली, चालकानं एक हात उचलला, बस गेली. त्यात गेला किती वेळ? अर्धं मिनिट.

शिवाय वाहकाला उतरावं लागलं नाही आणि साहेबांना साहेब व्हावं लागलं नाही.

वळणावर थांबायचं की वळणाआधी, हाही प्रश्नच आहे आणि त्याचं उत्तर लांबीत आहे. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्यांच्या मागून जात नाहीत, आतून कापत जातात. म्हणून यू आकाराच्या वळणावर बसचालक आधी मुद्दाम बाहेर जातो, तुमच्या बाजूला येतो आणि मग आत वळतो. तो चुकीच्या बाजूनं आला म्हणून तुम्ही शिव्या देता. तो बरोबर बाजूनं आला असता तर मागचं चाक गटारात गेलं असतं.

मग वळणाच्या पोटात नाक खुपसून थांबणाऱ्याला काय म्हणायचं? थांबल्याचं पुण्य त्याला हवं असतं, जागा मात्र सोडायची नसते. वळणाआधी, बसचालकाला तुम्ही दिसाल आणि त्याला पूर्ण वळण मोकळं मिळेल, अशा जागी थांबा.

ही वळणं आखतानाच अभियंते ताशी 20 किलोमीटरचा वेग धरतात. वीस. आपण तिथे चाळीसनं शिरतो आणि मग म्हणतो, रस्ता बरोबर नाही बांधला.

आता त्या फुगलेल्या जागांकडे वळू. अरुंद घाटात अधूनमधून रस्ता रुंद केलेला असतो, तो समोरासमोर आलेल्यांनी एकमेकांना ओलांडावं म्हणून. नियम पाळायचा तर याच जागा लागतात. शनिवार-रविवारी तिथे काय असतं?

पार्क केलेल्या गाड्या.

धबधबा तिथे, कणीस तिथे, माकडं तिथे, रीळ तिथे. उघड्या डिकीवर स्पीकर ठेवून चार जण नाचत असतात आणि वळणावर बस खोळंबलेली असते. घाटाचं गटार तुंबवलं तर पावसाळ्यात रस्ता वाहून जातो, हे आपल्याला पटतं. थांबायची जागा तुंबवली तर घाटच तुंबतो, हे पटत नाही, कारण मग कणीस कुठे खायचं?

घाटाच्या पायथ्याशी, किंवा माथ्यावर. मधे नाही.

तुंबण्याचा दुसरा हुकमी मार्ग म्हणजे दुसरी रांग. पुढे काहीतरी अडलंय, सगळे थांबलेत. इतक्यात मागून एक हुशार माणूस समोरून येणाऱ्यांच्या बाजूला गाडी घालतो. त्याच्यामागे आणखी दहा हुशार. समोरही तेवढेच हुशार असतात, देशात हुशारीची टंचाई कधीच नव्हती. मग क्रेन येते, पण बंद ट्रकपर्यंत पोचायला तिला रस्ताच नसतो.

एक ट्रक बंद पडल्यानं घाट अर्धा बंद होतो. पूर्ण बंद करायला शहाणी माणसं लागतात.

नियमाला मर्यादा नाहीत का? आहेत, आणि त्या न ओळखणारा नियमवादीही तेवढाच धोक्याचा. समजा तुम्ही चढताय, हक्क तुमचा आहे. पण तुमच्या मागे दहा पावलांवर रुंद जागा आहे, वरून भरलेला ट्रक येतोय आणि त्याच्यामागे सात गाड्या. आता तो ट्रक सात गाड्यांसकट मागे जाईल म्हणून कायद्याचं कलम वाचत बसणार?

1968 च्या व्हिएन्ना रस्ते करारात हा गुंता नीट सोडवलेला आहे. डोंगरात मागे जायची वेळ आली तर हलक्या गाडीनं जड गाडीसाठी जायचं, मालगाडीनं बससाठी जायचं. दोघं एकाच प्रकारचे असतील तर उतरणाऱ्यानं जायचं. आणि चढणाऱ्याला मागे जाणं उघडच सोपं असेल, म्हणजे थांबायची जागा त्याच्याजवळ असेल, तर त्यानं जायचं.

थोडक्यात, ज्याला सोपं त्यानं करायचं. हे सांगायला व्हिएन्नापर्यंत जावं लागतं, यातच सगळं आलं.

स्वित्झर्लंडात आणखी एक गंमत आहे. तिथल्या डोंगरातल्या काही रस्त्यांवर पिवळ्या शिंगाचं चिन्ह असतं. अशा रस्त्यावर अडचणीच्या जागी पिवळी पोस्टबस म्हणेल ते बाकीच्यांनी ऐकायचं, तिचा चालक मागे घ्या म्हणाला तर मागे घ्यायचं. वळणाआधी ती तीन सुरांचा भोंगा वाजवते आणि तो ऐकून माणसं आपापल्या जागा शोधतात.

आपल्या लाल परीला एवढा मान द्यायला कायदा कशाला हवा? त्या बसमध्ये पन्नास माणसं असतात, चालकानं तो घाट तुमच्या कैक पट वेळा पाहिलेला असतो. घाटात तो हातानं काही सांगत असेल तर ऐका. तुमच्या मोबाइलमधल्या बाईला साइडपट्टी खचलेली दिसत नाही.

दिव्यांची भाषा हा असाच एक घोळ. समोरच्यानं दोनदा प्रखर दिवे मारले. अर्थ काय? ‘या, मी थांबलोय’ की ‘थांबा, मी येतोय’? आपल्याकडे बहुतेक वेळा दुसरा. पण एखाद्या सज्जनाचा पहिलाही असतो. म्हणून दिव्यांवर विसंबून गाडी घालू नका. चाकं बघा. चाकं थांबली असतील तर तो थांबला. बाकी सगळं वाङ्मय.

धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी पळवणारे आंबोलीपासून माळशेजपर्यंत सगळीकडे भेटतात. चारही लुकलुकत असताना तुम्ही डावीकडे सरकताय हे मागच्याला कसं कळणार? अंतर्ज्ञानानं? धुक्यात खाली झुकलेले दिवे आणि कमी वेग पुरतात. चौघांची लुकलुक थांबलेल्या गाडीसाठी ठेवा.

आता थांबण्याचं सगळं पुराण ज्यावर उभं आहे, त्या ब्रेकबद्दल. उतरणाऱ्यानं थांबायचं, हे ठीक. पण त्याला थांबता आलं पाहिजे ना?

साधा हिशेब आहे. दीड टनाची गाडी 500 मीटर उंचीचा घाट उतरली आणि सगळा भार ब्रेकवर टाकला, तर तेवढ्या उष्णतेनं साधारण 23 लिटर पाणी उकळेल. 25 टनांचा ट्रक असेल तर जवळपास 390 लिटर. ही सगळी उष्णता ब्रेकच्या लायनिंगमध्ये आणि डिस्कमध्ये साठते. तापलेलं लायनिंग नीट पकडत नाही. पाय दाबला जातो, गाडी दाद देत नाही.

आणि मग बातमी येते : ‘ब्रेक निकामी झाल्याने.’ ब्रेक निकामी झाले की केले?

केले, असंच पुष्कळदा उत्तर असतं. कारण गाडी न्यूट्रलमध्ये असते. घाट उतरताना न्यूट्रल मारणं ही आपली परंपरागत बचत योजना. इंधन वाचतं म्हणे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात थोडंफार वाचतही असेल. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला इंधन जाळावंच लागतं.

म्हणजे जास्त इंधन जाळून ब्रेकही जाळायचे. याला बचत म्हणणारा देशाचा अर्थसंकल्प लिहायला जायला हवा.

जुन्या चालकांचं सूत्र सोपं आहे : जो चढ ज्या गिअरवर चढाल, तो उतार त्याच गिअरवर उतरा. दुसऱ्यात चढला असता तर दुसऱ्यात उतरा. इंजिन गुरगुरेल, गुरगुरू द्या. ते गाडी धरून ठेवतंय. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा मधूनमधून नीट दाबा, वेग कमी झाला की सोडा, म्हणजे त्यांना वारा लागतो.

‘आमची ऑटोमॅटिक आहे,’ हे उत्तर तयारच असतं. असू दे. त्या दांडीवर डीशिवाय एल, एस किंवा एम असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते सजावटीसाठी नसतं.

‘आमची इलेक्ट्रिक आहे,’ हे ताजं उत्तर. फारच छान, उतारावर ती स्वतःला चार्ज करते आणि त्यातच वेग धरून ठेवते. पण महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर लावून बॅटरी 100 टक्के भरलीत आणि सकाळी आंबेनळी उतरायला लागलात, तर ती चार्ज कुठे ठेवणार? भरलेल्या बॅटरीत जागा नसते, गाडीची ही पकड सैल पडते आणि सगळं पुन्हा साध्या ब्रेकवर येतं. घाटमाथ्यावरून निघताना बॅटरी थोडी रिकामी असलेली बरी.

फुकट चार्जिंग सोडायचं? मराठी माणसाला हे सांगणं कठीण आहे, कल्पना आहे.

ब्रेक तापलेत हे कळतं कसं? जळका, उग्र वास येतो. पेडल नेहमीपेक्षा खोल जातं किंवा मऊ लागतं. चाकाजवळ धूर दिसतो. यातलं एकही दिसलं तर खालचा गिअर टाका, जागा बघून थांबा आणि अर्धा तास गप्प बसा. तापलेल्या ड्रमवर बाटलीतलं पाणी ओतू नका, लोखंड तडकतं. प्रथमोपचार म्हणून पाणी ओतायची आपली सवय सगळीकडे चालत नाही.

आणि वरून येणाऱ्या ट्रकचा असा वास तुम्हाला आला, धूर दिसला, तर? तेव्हा तुम्ही चढत असलात तरी हक्क गुंडाळून खिशात ठेवा आणि मिळेल त्या जागेत बाजूला व्हा. ज्याच्याकडे ब्रेकच उरलेले नाहीत त्याच्याकडून वाट मागणार कशी?

शेवटी बाजूला होणं म्हणजे कुठे होणं, तेवढं बघू. डोंगराची बाजू मिळाली तर गटाराचा अंदाज घ्या. पावसाळ्यात ते गवतानं झाकलेलं असतं आणि चाक आत गेल्यावरच त्याची खोली समजते. दरीची बाजू वाट्याला आली तर डांबर सोडू नका. कठड्याजवळची माती भरभक्कम दिसते, पण खालून पाण्यानं पोखरलेली असू शकते. डांबरावर राहून जागा पुरत नसेल तर मागे जा, मागच्या रुंद जागेपर्यंत. कोणालातरी खाली उतरवून चाकाकडे बघायला लावा. मागे बसलेले चौघं मोबाइल बघण्यापेक्षा चाक बघतील, तेवढाच त्यांचा उपयोग.

आणि हे सगळं जमायचं असेल तर पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटू नका. मधे एका गाडीची जागा मोकळी सोडा. पुढच्याला मागे यायची वेळ आली तर तो येणार तुमच्यावरच.

‘पण आम्ही जागा सोडली की कोणीतरी मधे घुसतो!’ हो, घुसतो. घुसू दे. तो पुढे गेला की बससमोर पहिला तो सापडेल.

घाटाच्या तोंडाशी पाट्यांची कमी नाही. ‘घाट सुरू’, ‘सावकाश जा’, ‘घरी कोणीतरी वाट पाहतंय’, खाली बांधकाम खात्याचं नाव, त्याखाली कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. चढणाऱ्याला वाट द्या, ही एका ओळीची पाटी त्या गर्दीत कुठे कुठे असते, त्यावर बहुधा वेल चढलेला असतो. खात्याला एक विनंती : कविता कमी करा, वेल कापा. पुढची रुंद जागा किती मीटरवर आहे, तेवढं लिहा. उतरणाऱ्याला थांबायचं कुठे हे कळलं, तर थांबायचं कोणी यावरची निम्मी भांडणं मिटतील.

उरलेली निम्मी आपल्या हातात. या रविवारी घाट उतरणार असाल तर तीन गोष्टी करा. खालच्या टप्प्यावर नजर ठेवा. गाडी चढताना दिसली की समोर येण्याआधीच रुंद जागी थांबा. आणि ती पुढे गेल्यावर तिच्यामागची दुसरी, तिसरीही जाऊ द्या, मधेच घुसू नका. गिअर खालचा, काच थोडी उघडी, गाणं बंद.

समोरून आलेला चालक हात उचलून आभार मानेल. नाही मानले तरी हरकत नाही. तो चढ चढतोय, त्याचे दोन्ही हात गुंतलेले आहेत.